तीन क्रमागत संख्यांचा गुणाकार आणि सहा: २ आणि ३ एकत्र कसे येतात

प्रश्न: कोणत्याही तीन क्रमागत पूर्ण संख्यांच्या गुणाकाराला ६ ने निःशेष भाग जातो, हे मी पंचवीस-तीस उदाहरणे करून पाहिले. त्यांतली एक सम असते आणि एक ३ च्या पटीतली असते, हेही कळते. पण ५, ६, ७ घेतल्यावर ही दोन्ही कामे एकटी ६ करते. मग तिथे सिद्धता लंगडी पडत नाही का? आणि हाच न्याय लावून चार क्रमागत संख्यांच्या गुणाकाराला २ × ३ × ४ म्हणजे २४ ने भाग जातो, असे म्हणता येईल का?

उत्तर:

तुमची शंका ज्या पायरीवर अडली आहे तीच या सिद्धतेतली महत्त्वाची पायरी आहे, आणि बहुतेक वह्यांमध्ये ती लिहिलेलीच नसते. नववी-दहावीच्या मुलांना आणि पुढे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना गणित शिकवताना हा प्रश्न मी गेली अनेक वर्षे फळ्यावर मांडत आलो आहे. ‘एक सम आहे, एक ३ ची पट आहे, म्हणून ६ ने भाग जातो’ एवढे वाक्य मुले चटकन सांगतात. त्यातल्या ‘म्हणून’ या शब्दाखाली काय दडले आहे ते विचारले, की वर्ग गप्प होतो.

सोपा भाग आधी संपवून टाकू. लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक सम असतेच, कारण सम आणि विषम संख्या एकाआड एक येतात. तेव्हा तीन संख्यांमध्ये किमान एक सम आहे याविषयी वाद नाही. ३ च्या बाबतीत संख्येला ३ ने भागल्यावर उरणारी बाकी पाहायची. ती ०, १ किंवा २ यांपैकीच असते, आणि एकेक संख्या पुढे गेलो की बाकी ०, १, २, ०, १, २ अशी फिरत राहते. लागोपाठच्या तीन संख्यांमध्ये या तिन्ही बाक्या एकदा आणि एकदाच येतात, म्हणून त्यांतल्या नेमक्या एका संख्येची बाकी शून्य असते. अक्षरांत लिहायचे तर पहिली संख्या n = ३q असेल तर तीच ३ ची पट आहे; n = ३q + १ असेल तर n + २ = ३q + ३ ही तिसरी संख्या ३ ची पट होते; आणि n = ३q + २ असेल तर n + १ = ३q + ३ ही मधली. याखेरीज चौथी शक्यता नाही.

इथपर्यंत आपल्या हाती दोन स्वतंत्र विधाने आली. गुणाकाराला P म्हणू. पहिले विधान असे की P ला २ ने भाग जातो, आणि दुसरे असे की P ला ३ ने भाग जातो. या दोन्हींतून ‘P ला ६ ने भाग जातो’ हे आपोआप निघते का? निघते, पण ते २ आणि ३ या संख्यांच्या विशिष्ट गुणामुळे निघते, कोणत्याही दोन संख्यांसाठी निघत नाही. १२ ला ४ ने भाग जातो आणि ६ नेही जातो, पण ४ × ६ म्हणजे २४ ने जात नाही. जी पायरी २ आणि ३ साठी चालते ती ४ आणि ६ साठी कोसळते, याचा अर्थ ती पायरी सिद्ध करावी लागते, गृहीत धरून चालत नाही.

ती सिद्ध करण्यासाठी अवघड काही लागत नाही. P ला २ ने भाग जातो, म्हणून P = २k असे लिहू, जिथे k ही पूर्ण संख्या आहे. P ला ३ ने भाग जातो, म्हणजे २k ही ३ ची पट आहे. आता ३k ही तर उघडच ३ ची पट आहे. ३ च्या दोन पटींची वजाबाकी पुन्हा ३ ची पट असते; आणि ३k − २k = k. म्हणजे k स्वतःच ३ ची पट ठरली. k = ३m असे लिहिले की P = २ × ३m = ६m मिळते आणि सिद्धता पूर्ण होते. या तीन ओळींत संपूर्ण ‘म्हणून’ आहे. हीच वजाबाकी ४ आणि ६ यांच्यासाठी करून पाहा: P = ४k घेतले, तर ४k ही ६ ची पट आणि ६k ही ६ ची पट, म्हणून त्यांची वजाबाकी २k ही ६ ची पट. म्हणजे k फक्त ३ ची पट आहे एवढेच कळते, ६ ची आहे असे कळत नाही, आणि P ला १२ ने भाग जातो यापुढे गाडी सरकत नाही. २ आणि ३ यांचा मसावि १ असल्यामुळे, म्हणजे त्या सहमूळ संख्या असल्यामुळे, वजाबाकीतून सुटा k हाती येतो. ४ आणि ६ यांचा मसावि २ असल्यामुळे तो २ सोबत चिकटून येतो.

आता ५, ६, ७ कडे वळू. वरच्या तीन ओळी पुन्हा वाचल्यात तर दिसेल, की २ कोणत्या संख्येतून आला आणि ३ कोणत्या संख्येतून आला याचा उल्लेखच त्यांत नाही. आपण प्रत्येक संख्येवर एकेक काम सोपवलेले नाही. आपण फक्त गुणाकार P विषयी बोललो. तरीही मनात जी टोचणी राहते ती निराधार नाही, कारण एकच गोष्ट दोनदा मोजली जात असावी अशी ती भीती आहे, आणि गणितात ही भीती बाळगलेली बरी. पण ६ मध्ये एकच गोष्ट नाही. ६ चे मूळ अवयव पाडले की एक २ मिळतो आणि एक ३ मिळतो, आणि ते दोन वेगळे अवयव आहेत. एका पिशवीत एक आंबा आणि एक पेरू असेल, तर ‘पिशवीत आंबा आहे’ आणि ‘पिशवीत पेरू आहे’ ही दोन्ही विधाने त्याच पिशवीविषयी असूनही फळे दोन आहेत. याउलट ‘या संख्येला २ ने भाग जातो’ आणि ‘या संख्येला ४ ने भाग जातो’ ही विधाने ४ या संख्येविषयी केली, तर दुसऱ्या विधानातल्या दोन २ पैकीच एक २ पहिल्या विधानातही मोजला गेला आहे. तिथे दुहेरी मोजणी खरोखरच होते.

प्रत्यक्ष आकड्यांत दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहू. ३७, ३८, ३९ या त्रिकुटात कामे वाटली गेली आहेत: ३८ = २ × १९ ही एकटी सम आहे आणि ३९ = ३ × १३ ही एकटी ३ ची पट आहे. गुणाकार ५४,८३४ येतो, आणि ६ ने भागल्यावर ३७ × १९ × १३ = ९,१३९ उरतात. ३५, ३६, ३७ मध्ये मात्र दोन्ही कामे ३६ कडे आहेत. ३५ आणि ३७ यांच्याकडे ना २ आहे ना ३. गुणाकार ४६,६२० आहे, आणि ३६ मधूनच पूर्ण ६ बाहेर काढला की ३५ × ६ × ३७ = ७,७७० उरतात. दुसऱ्या प्रकारात सिद्धता लंगडी पडण्याऐवजी उलट ६ समोरच उभा असतो. कागदावर पडताळायचे असेल तर शेवटचा अंक सम आहे का आणि अंकांची बेरीज ३ ने भागली जाते का, एवढे पाहावे: ५४,८३४ चा शेवटचा अंक ४ आणि अंकांची बेरीज २४, ४६,६२० चा शेवटचा अंक ० आणि बेरीज १८.

चार क्रमागत संख्यांविषयीचे तुमचे विधान खरे आहे, पण तुमचे कारण चुकीचे आहे. अशी उत्तरे तपासताना परीक्षकाला सगळ्यात जास्त सावध राहावे लागते, कारण निष्कर्ष बरोबर असल्यामुळे हात आपोआप गुण द्यायला जातो. ‘चार संख्यांत एक २ ची पट, एक ३ ची पट, एक ४ ची पट; म्हणून गुणाकाराला २ × ३ × ४ = २४ ने भाग’ हा युक्तिवाद मान्य केला, तर ज्या कोणत्याही संख्येला २, ३ आणि ४ ने भाग जातो तिला २४ ने जातो असेही मान्य करावे लागेल, आणि १२ ते खोटे ठरवते. २ आणि ४ सहमूळ नाहीत, म्हणून इथे वेगळे काहीतरी हवे. ते असे: लागोपाठच्या चार संख्यांत सम संख्या एक नसून दोन असतात, आणि त्या एकमेकींपासून २ च्या अंतरावर असतात. लागोपाठच्या दोन सम संख्यांपैकी एक ४ ची पट असते आणि दुसरी नसते. जी ४ ची पट आहे तिच्यातून दोन २ मिळतात, आणि दुसरीतून तिसरा, अगदी वेगळा २ मिळतो. असे गुणाकाराला ८ ने भाग जातो. ३ ने भाग जातोच. ८ आणि ३ सहमूळ आहेत, म्हणून वरची वजाबाकी थोडी लांबवून चालवता येते: P = ८k, म्हणून ८k ही ३ ची पट; ९k हीदेखील ३ ची पट; वजाबाकी k, तीही ३ ची पट; म्हणून P = २४m. उदाहरणार्थ ३ × ४ × ५ × ६ = ३६० = २४ × १५. यात ‘४ ची पट’ म्हणून ४ वापरला आणि ‘२ ची पट’ म्हणूनही तोच ४ दाखवला, तर सिद्धता खोटी पडते. शेजारच्या ६ कडे बोट दाखवले तरच ती उभी राहते. म्हणजे तुम्ही ज्या भीतीने ५, ६, ७ कडे पाहिलेत ती भीती खरी तर इथे हवी होती.

वह्यांत आढळणारी आणखी एक चूक सांगतो, कारण ती दिसायला निरुपद्रवी असते. विद्यार्थी सम-विषमसाठी ‘समजा n = २q’ असे लिहितो, आणि चार ओळी खाली ३ साठी ‘समजा n = ३q + १’ असे लिहितो, आणि शेवटी दोन्ही एकत्र करतो. q हे अक्षर दोन वेगळ्या भागाकारांसाठी वापरल्यामुळे नकळत २q = ३q + १ असे समीकरण मान्य झाले, आणि ते q = −१ साठीच खरे आहे. एखादी ठरावीक संख्या घेऊन तपासले की ही चूक लगेच उघडी पडते: n = ४ साठी पहिल्या ओळीत q = २ आहे आणि दुसऱ्या ओळीत q = १. दोन भागाकारांना दोन अक्षरे द्यावीत, एवढाच त्यावर उपाय. काही जण याच ठिकाणी बेरीज आणि गुणाकार यांचीही गल्लत करतात: तीन क्रमागत संख्यांची बेरीज ३ ची पट असते हे खरे आहे, कारण ती मधल्या संख्येची तिप्पट असते, पण त्यावरून गुणाकाराविषयी काहीच निघत नाही. १, ४, ७ यांची बेरीज १२ आहे, ३ ची पट. गुणाकार २८ आहे, आणि त्याला ३ ने भाग जात नाही.

याच १, ४, ७ वरून ‘क्रमागत’ हा शब्द प्रश्नात कशासाठी आहे तेही कळते. अंतर ३ चे ठेवले तर तिन्ही संख्यांची बाकी सारखीच राहते आणि ती शून्य नसली तर ३ कधीच सापडत नाही. लागोपाठच्या विषम संख्या घेतल्या, जसे ७, ९, ११, तर ३ सापडतो पण २ हरवतो. गुणाकार ६९३ येतो. लागोपाठच्या सम संख्या घेतल्या तर प्रत्येकीतून एक २ बाहेर काढता येतो आणि आत पुन्हा तीन क्रमागत संख्याच उरतात, म्हणून त्यांच्या गुणाकाराला ८ × ६ = ४८ ने भाग जातो; २ × ४ × ६ तर नेमके ४८ च आहेत.

बाक्यांची सिद्धता निर्दोष आहे, तरीही तिच्याविषयी माझी एक तक्रार आहे. ती ६ ला २ आणि ३ मध्ये फोडून सिद्ध करते आणि मग पुन्हा जोडते. सहाच का, याचे एकसंध उत्तर तिच्यातून मिळत नाही. ते उत्तर मोजणीतून मिळते, आणि ते मला अधिक आवडते.

समजा वर्गात ९ विद्यार्थी आहेत आणि त्यांतून तिघांचा गट निवडायचा आहे. एकेकाचे नाव पुकारले, तर पहिले नाव ९ प्रकारे, दुसरे ८ प्रकारे आणि तिसरे ७ प्रकारे पुकारता येईल; पुकारण्याचे एकूण प्रकार ९ × ८ × ७ = ५०४. पण गटात कोण आहे एवढेच पाहायचे आहे, कोणाचे नाव आधी आले ते नाही. तीन ठरावीक नावे पुकारण्याचे क्रम नेमके सहा असतात: पहिल्या जागी तिघांपैकी कोणीही, दुसऱ्या जागी उरलेल्या दोघांपैकी कोणीही, आणि तिसऱ्या जागी शेवटचा. म्हणजे ५०४ याद्या सहा-सहाच्या गठ्ठ्यांत विभागल्या जातात. एकही गठ्ठा अर्धवट राहत नाही आणि एकही यादी दोन गठ्ठ्यांत जात नाही. गठ्ठ्यांची संख्या ५०४ ÷ ६ = ८४. गट मोजताना कधी अपूर्णांक येऊच शकत नाही. म्हणून ७ × ८ × ९ ला ६ ने निःशेष भाग जायलाच हवा. ९ च्या जागी n + २ विद्यार्थी घेतले की n(n + १)(n + २) विषयी हेच बोलणे शब्दशः लागू पडते. इथे ६ हा २ आणि ३ यांच्या जोडणीतून आलेला नाही. तीन माणसे ओळीत उभी राहण्याचे ते प्रकार आहेत. १ × २ × ३ हा गुणाकार इथे तीन जागांच्या मोजणीतून एका घासात येतो.

हे ८४ आणखी एका ठिकाणी भेटतात. फळवाला संत्री त्रिकोणी थरांत रचतो तेव्हा सगळ्यात वर १, त्याखाली ३, त्याखाली ६, मग १०, १५, २१ आणि सातव्या थरात २८ संत्री बसतात. या त्रिकोणी संख्या आहेत. सात थरांची बेरीज केली तर १ + ३ + ६ + १० + १५ + २१ + २८ = ८४. विद्यार्थ्यांच्या गटांचा आणि संत्र्यांच्या ढिगाचा संबंध कसा? ९ विद्यार्थ्यांना १ ते ९ असे हजेरी क्रमांक द्या आणि प्रत्येक गटातला सगळ्यात मोठा क्रमांक पाहा. तो ३ असेल तर उरलेले दोघे १ आणि २ हेच असणार, म्हणून असा गट एकच. तो ४ असेल तर उरलेले दोघे १, २, ३ मधून निवडायचे, त्याचे प्रकार ३. तो ५ असेल तर चौघांतून दोघे, म्हणजे ६ प्रकार; आणि असे करत मोठा क्रमांक ९ असेल तेव्हा आठांतून दोघे, म्हणजे २८ प्रकार. थर आणि गट एकास एक जुळले.

या ढिगाचे सूत्र आपल्याकडे फार जुने आहे. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयातल्या गणितपादात आर्यभटाने अशा रचलेल्या ढिगाला ‘चितिघन’ म्हटले आहे आणि त्याची रीत दिली आहे: थरांच्या संख्येपासून सुरू करून एकेकाने वाढणाऱ्या तीन संख्यांचा गुणाकार करावा आणि त्याला सहाने भागावे. तुम्ही विचारलेला गुणाकार आणि तुम्ही विचारलेला ६, दोन्ही त्या एका श्लोकात शेजारी बसलेले आहेत. त्याच श्लोकात पर्यायी रीतही आहे: थरांच्या संख्येत एक मिळवून त्याचा घन करावा, त्यातून तीच संख्या वजा करावी आणि सहाने भागावे. सात थरांसाठी ८ चा घन ५१२, त्यातून ८ वजा केले की ५०४, आणि ६ ने भागल्यावर पुन्हा ८४. दोन्ही रीती एकच आहेत, कारण मधल्या संख्येला x म्हटले की (x − १) · x · (x + १) = x³ − x होते. ग्रंथाच्या सूत्रमय शैलीप्रमाणे तिथे रीत आहे, सिद्धता नाही. पण ढिगात संत्री पूर्णच असतात, अर्धी नसतात, हे ज्याला दिसते त्याला ६ ने भाग का जातो हेही दिसते.

परीक्षेत हाच प्रश्न बहुधा वेषांतर करून येतो, आणि तो याच रूपात: ‘n³ − n ला ६ ने निःशेष भाग जातो हे सिद्ध करा’. कधी त्यावर आणखी एक पांघरूण घालून n³ + ५n देतात. n³ + ५n = (n³ − n) + ६n असे लिहिले की पांघरूण निघते: पहिला भाग तीन क्रमागत संख्यांचा गुणाकार आहे आणि दुसरा उघडच ६ ची पट. ज्यांना गणितीय विगमनाने सिद्धता लिहायची असते त्यांनाही ढीग उपयोगी पडतो. n पासूनचा गुणाकार आणि n + १ पासूनचा गुणाकार यांतला फरक (n + १)(n + २)(n + ३) − n(n + १)(n + २) = ३(n + १)(n + २) एवढा आहे. (n + १)(n + २) हा लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार असल्यामुळे सम आहे, म्हणून हा फरक ६ ची पट आहे. आणि त्याला ६ ने भागले तर (n + १)(n + २) ÷ २, म्हणजे ढिगाला नव्याने लागणारा त्रिकोणी थरच मिळतो.

‘पूर्ण संख्या’ म्हटल्यामुळे शून्याचाही विचार हवा. ०, १, २ यांचा गुणाकार ० आहे, आणि ० = ६ × ० असल्यामुळे त्याला ६ ने भाग जातो. ‘शून्याला भाग जातो म्हणणे ही पळवाट आहे’ असे विद्यार्थ्यांना वाटते, पण मोजणीही तेच सांगते: दोन विद्यार्थ्यांतून तिघांचा गट शून्य प्रकारे निवडता येतो. ऋण पूर्णांक घेतले तर गुणाकाराचे फक्त चिन्ह बदलते, जसे (−७) × (−८) × (−९) = −५०४; आणि −१, ०, १ सारखे शून्य ओलांडणारे त्रिकूट असेल तर गुणाकार शून्यच असतो. ऋण संख्यांमध्ये बाक्यांची सिद्धता वापरायची असेल तर −७ ला ३ ने भागल्यावर बाकी −१ न घेता २ घ्यावी, कारण −७ = ३ × (−३) + २; तसे केले की ०, १, २ चे चक्र ऋण बाजूलाही न तुटता चालू राहते.

६ पेक्षा मोठी संख्या सगळ्या त्रिकुटांना चालेल का, असे पुढे विचारावेसे वाटेल. नाही चालणार, कारण १ × २ × ३ हा गुणाकारच ६ आहे. मात्र काही त्रिकुटे याहून जास्त देतात. मधली संख्या विषम असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या संख्या लागोपाठच्या सम संख्या असतात, आणि चार संख्यांच्या बाबतीत वापरलेला न्याय इथेही लागून त्या दोघींतून ८ मिळतो. ३ धरून गुणाकाराला २४ ने भाग जातो. २ × ३ × ४ = २४ आणि ४ × ५ × ६ = १२० ही त्याची उदाहरणे. मधली संख्या सम असेल तर तिच्या दोन्ही शेजारणी विषम असतात, आणि जितके २ मिळायचे तितके तिच्या एकटीतूनच मिळतात: ३, ४, ५ मध्ये दोनच २ आहेत आणि ६० ला २४ ने भाग जात नाही; ७, ८, ९ मध्ये ८ मुळे तीन २ आहेत आणि ५०४ = २४ × २१. मधली संख्या विषम असेल किंवा ८ ची पट असेल तरच २४ चालतो, एरवी नाही.

राहता राहिला चार संख्यांचा २४. मोजणीच्या वाटेने गेलात तर सम संख्यांची ती सगळी कसरत टळते: चौघांचे गट निवडताना प्रत्येक गटाच्या ४ × ३ × २ × १ = २४ याद्या होतात, म्हणून चार क्रमागत संख्यांच्या गुणाकाराला २४ ने भाग जातोच; पाच संख्यांसाठी त्याच वाक्यात १२० येतात. पाच संख्यांची बाक्यांची सिद्धता एकदा स्वतः लिहून पाहा. तिथे ८, ३ आणि ५ असे तीन तुकडे वेगवेगळे मिळवावे लागतात, त्यांतल्या ८ साठी पुन्हा दोन सम संख्या दाखवाव्या लागतात, आणि ‘म्हणून’ एकदा नव्हे, दोनदा सिद्ध करावा लागतो: एकदा ८ आणि ३ जोडताना, आणि एकदा २४ आणि ५ जोडताना.